वॉर्डात पेशंटने स्वतःला इजा करून घेतली, त्यानंतरचा अहवाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या मध्यम आकाराच्या हॉस्पिटलांतल्या सिस्टर, आरएमओ आणि क्वालिटीचं काम बघणारी मंडळी मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं एकाच घटनेच्या आधाराने दिली आहेत. ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील बदलून मांडले आहेत. हे वाचताना तुमच्या स्वतःच्या मनात असे विचार येत असतील, तर टेली-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

घटना नेमकी काय होती?

कागल तालुक्यातला पन्नाशीचा शेतकरी. फवारणीचं औषध पिऊन आमच्याकडे आला, सहा दिवस आयसीयूत होता आणि वाचला. रविवारी दुपारी त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या मेडिसिन वॉर्डात हलवलं. सोबतीला मेहुणा होता. सोमवारी संध्याकाळी पेशंटने वॉर्डच्या बाथरूममध्ये स्वतःला इजा करून घेतली. वॉर्डबॉय मामांनी कडी तोडून दार उघडलं. पेशंट पुन्हा दोन दिवस आयसीयूत राहिला आणि नंतर मानसोपचार विभागाच्या देखरेखीखाली बरा होऊन घरी गेला.

इजा कशी केली हे इथे लिहिलेलं नाही, आणि जो अहवाल दहा जणांच्या हातात फिरतो त्यातही आम्ही ते लिहिलं नव्हतं. केसपेपरमध्ये वैद्यकीय तपशील असतोच. ज्याला बाथरूमची रचना बदलायची आहे त्याला जागेची माहिती वेगळी द्यावी. बाकीच्यांना त्याची गरज नसते.

पहिल्या काही तासांत काय लिहायचं आणि काय सांभाळायचं?

दोन कागद वेगळे ठेवा. केसपेपर पेशंटच्या उपचारांसाठी असतो. त्यात काय दिसलं, काय केलं, कोणाला कळवलं, एवढंच यावं. घटना-अहवाल हॉस्पिटलच्या शिकण्यासाठी असतो. "इन्सिडंट फॉर्म भरला" असं वाक्य केसपेपरमध्ये घालू नका, आणि घटना-अहवालात निदानाची चर्चा करत बसू नका.

वेळ लिहिताना ती कुठून मिळाली हेही लिहा: भिंतीवरचं घड्याळ, मोबाइल, मेडिकलच्या बिलावरची छपाई, कॅमेऱ्याचं फुटेज. आमच्याकडे वॉर्डचं घड्याळ कॅमेऱ्याच्या घड्याळापेक्षा सहा मिनिटं पुढे होतं. हे लक्षात येईपर्यंत दोन सिस्टरांची साक्ष खोटी वाटत होती. त्या खोटं बोलत नव्हत्या. दोघी वेगवेगळ्या घड्याळांकडे बघत होत्या.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून त्याच रात्री कॉपी करून ठेवा. राहून गेलेली नोंद नंतर करायची असेल तर "उशिरा केलेली नोंद" असं लिहून आत्ताची तारीख आणि वेळ टाका. जुन्या ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात घुसवलेली नोंद पुढे सगळ्या कागदांवरचा विश्वास घालवते.

पोलिसांना कळवायचं का? पेशंटवर गुन्हा होतो का?

एमएलसीची नोंद आणि पोलीस चौकीला कळवणं तुमच्या हॉस्पिटलच्या नेहमीच्या पद्धतीने करा. गुन्ह्याची भीती मात्र मनातून काढून टाका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती गंभीर ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध झाल्याशिवाय तिला शिक्षा होत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणाऱ्या जुन्या 309 कलमासारखं सरसकट कलम तिच्यात ठेवलेलं नाही. नातेवाईक कॉरिडॉरमध्ये हळूच विचारतात, "केस होईल का हो?" त्यांना हे सरळ सांगा. या भीतीपोटी घरचे पहिल्या दिवसापासून "चुकून प्यायला" असं सांगतात आणि खरा धोका कागदावर येतच नाही.

'दोष न देता' म्हणजे कुणालाच काही विचारायचं नाही का?

नाही. विचारायचं सगळं, फक्त प्रश्न वेगळा. "तू का बघितलं नाहीस?" या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं: "बघितलं होतं." "त्या वेळी तुमच्यासमोर काय काय होतं?" असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. आमच्या संध्याकाळच्या सिस्टर म्हणाल्या, "सात चाळीसला सतरा नंबरला ब्लड चालू होतं, बावीस नंबरची शुगर खाली आलेली, आणि नाईटच्या सिस्टर येऊन उभ्या होत्या, ओव्हर द्यायचा होता." पुढचा सगळा तपास या एका वाक्यातून निघाला.

कोणी नशा करून ड्युटीवर आलं असेल, मुद्दाम इजा केली असेल किंवा कागद फाडले असतील, तर ते प्रकरण या तपासातून बाहेर काढून प्रशासनाकडे द्यायचं. ही रेघ आधीच आखून सगळ्यांना सांगून ठेवा. घटना घडल्यावर आखलेल्या रेघेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

तपास कोणी करायचा, किती दिवसांत?

अमेरिकेतल्या नॅशनल पेशंट सेफ्टी फाउंडेशनने 2015 मध्ये यासाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात चार ते सहा जणांची टीम, 72 तासांच्या आत सुरुवात आणि 30 ते 45 दिवसांत शेवट, असं सुचवलं आहे. घटनेत असलेली माणसं टीममध्ये नसावीत, पण त्यांचं म्हणणं जरूर घ्यावं. आमची टीम चौघांची होती: दुसऱ्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, एक फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ आणि मी. मेट्रनना मुद्दाम बाहेर ठेवलं. त्या रागावल्या, पण सिस्टरांची रजा ज्यांच्या सहीने मिळते त्यांच्यासमोर सिस्टर मोकळ्या बोलत नाहीत.

"सिस्टरने दर पंधरा मिनिटांनी पाहिलं नाही" हे मूळ कारण का नाही?

कारण पुढचा प्रश्न लगेच येतो: का पाहिलं नाही? आणि तिच्या जागी दुसरी सिस्टर असती तर वेगळं काय झालं असतं? आमच्या टीमने दुसऱ्या वॉर्डच्या तीन सिस्टरांना नाव न सांगता तीच परिस्थिती सांगितली. तिघींनीही तेच केलं असतं. चार शहाणी माणसं एकाच जागी एकाच तऱ्हेने चुकतात तेव्हा दोष त्या जागेत शोधायचा.

शिवाय निरीक्षणाच्या तक्त्याने आम्हाला एक वेगळीच गोष्ट दाखवली. रविवार दुपारपासूनच्या सगळ्या नोंदी अगदी काट्यावर होत्या: 5:00, 5:15, 5:30, 5:45. तीस खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर असताना कोणीही इतक्या काट्यावर फिरू शकत नाही. तक्ता ओळीने, एकदम भरला जात होता. हे पाहून सुरुवातीला आमच्यातल्या एकाने "फसवणूक" हा शब्द वापरला. मग आम्ही इतर वॉर्डांतले जुने तक्ते काढले. सगळीकडे तेच होतं. छापील तक्त्यात वेळा आधीच छापलेल्या होत्या आणि फक्त बरोबरची खूण करायची होती. खरी फेरी 5:22 ला झाली तर ती लिहायला जागाच नव्हती. म्हणजे तक्ताच खोटी नोंद मागत होता. तुमच्याकडे वेळा आधी छापलेला फॉर्म असेल तर आज जाऊन बघा.

मग मूळ कारण काय निघालं?

त्यासाठी मेडिकलच्या चिठ्ठीकडे यावं लागेल.

मानसोपचारतज्ज्ञांनी आयसीयूत असताना लिहिलं होतं: "कडक वॉच ठेवावा." आयसीयूत दोन खाटांना एक सिस्टर असते, त्यामुळे वॉच आपोआप होत होता. रविवारी पेशंट वॉर्डात आला. शिफ्टिंग नोटमध्ये नाडी, रक्तदाब, अ‍ॅट्रोपिन बंद केल्याची तारीख, सगळं होतं. "सायकियाट्री रेफरन्स झाला" असंही होतं. पण कडक वॉचचं पान फाईलच्या मागच्या भागात होतं. वॉर्डच्या सिस्टरनी ते शोधून वाचलंही, आणि मेहुण्याला सांगितलं, "पेशंटजवळ थांबा हं." वॉर्डाच्या भाषेत कडक वॉचचा अर्थ एवढाच होता: नातेवाईक जवळ आहे.

आता सोमवारची संध्याकाळ, कॅमेऱ्याच्या घड्याळाप्रमाणे. 7:34 ला सिस्टरनी मेहुण्याच्या हातात चिठ्ठी दिली, कारण रात्री आठचं इंजेक्शन संपलं होतं. मेडिकल तळमजल्यावर. लिफ्ट दुरुस्तीला. 7:41 ला तो रांगेत उभा दिसतो, त्याच्या पुढे नऊ माणसं. 7:50 ला दोन्ही सिस्टर ओव्हरच्या टेबलाशी. 7:52 ला पेशंट स्वतः चालत बाथरूमकडे जातो. 8:03 ला मेहुणा इंजेक्शन घेऊन वर येतो, खाट रिकामी बघतो, सिस्टरना हाक मारतो. कडी आतून होती आणि बाहेरून उघडायची सोय नव्हती.

म्हणजे पेशंटवर नजर ठेवणारा एकच माणूस होता, आणि आम्हीच त्याला औषध आणायला खाली पाठवलं होतं.

नातेवाईकावर भरवसा ठेवायचाच नाही का?

आपल्याकडे नातेवाईकाशिवाय वॉर्ड चालत नाही, हे खोटं कशाला बोलायचं. तो डबा आणतो, चिठ्ठ्या नेतो, सॅम्पल लॅबला देतो, ट्रॉलीला हात लावतो, बिलाच्या खिडकीवर उभा राहतो. आम्ही तीन संध्याकाळ वॉर्डात बसून मोजलं. पाच ते आठ या वेळेत एकाही दिवशी तीसपेक्षा कमी चिठ्ठ्या खाली गेल्या नाहीत. म्हणजे साधारण प्रत्येक खाटेचा माणूस संध्याकाळी एकदा तरी खाटेपासून दूर जातोच, आणि ते आम्ही सांगितलेल्या कामासाठी. आठच्या इंजेक्शनांची तयारी आणि ओव्हर एकाच वेळी येत असल्याने सर्वांत जास्त चिठ्ठ्या त्याच वेळी निघतात, जेव्हा सिस्टरांची नजरही वॉर्डावर कमी असते.

एकाच माणसाला पहारेकरी आणि धावपळीचा गडी अशी दोन कामं दिली की जे काम मोठ्या आवाजात मागितलं जातं ते आधी होतं. चिठ्ठी हातात असते. धोका डोळ्यांना दिसत नाही.

मेहुण्याशी आम्ही बोललो, आणि हे बोलणं कोणत्याही तपासात वगळू नका. तो म्हणाला, "मला वाटलं, डॉक्टरांनी वॉर्डात सोडलं म्हणजे आता धोका नाही. थांबा म्हणजे मला कळलं, पाणी-बिणी द्यायला थांबा." त्याला कोणीच सांगितलं नव्हतं की बाथरूमला गेला तरी सोबत जा, दाराला कडी लावू देऊ नको, आणि खाली जायचं असेल तर आधी सिस्टरला सांगून दुसरं माणूस बसल्यावरच जा. तो बिचारा सगळ्यांत आधी स्वतःलाच दोष देत होता. चिठ्ठी आमची होती, हे त्याला सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प बसला.

कारण कागदावर कसं मांडायचं?

कारण, परिणाम आणि घटना एका वाक्यात जोडा, आणि "निष्काळजी", "दुर्लक्ष", "हलगर्जी" हे शब्द टाळा. हे शब्द काही समजावून सांगत नाहीत, फक्त निकाल देतात. आमच्या अहवालातलं मुख्य वाक्य असं होतं:

"सतत नजरेचा आदेश कोणी, किती अंतरावरून आणि केव्हापर्यंत पाळायचा हे लिहिण्याची पद्धत नसल्यामुळे, आणि वॉर्डात औषधं नातेवाईकामार्फतच आणली जात असल्यामुळे, ओव्हरच्या वेळी धोका असलेला पेशंट एकटा राहण्याची शक्यता वाढली."

दुसरं वाक्य बाथरूमच्या कडीचं, तिसरं छापील वेळांच्या तक्त्याचं. तीनच. पहिल्या मसुद्यात सतरा कारणं होती, लिफ्टपासून स्टाफच्या तुटवड्यापर्यंत. सतरा कारणांच्या अहवालावर कोणी काम करत नाही. "का, का, का" असं पाच वेळा विचारण्याची रीत सोपी आहे, पण ती एकाच धाग्याने खाली नेते. इथे दोन धागे होते, माणूस एकटा का राहिला आणि दार का उघडेना. दोन्ही वेगळे सोडवावे लागले.

धोका मोजायचा फॉर्म भरला असता तर कळलं नसतं का?

नसतं. रविवारी ड्युटी डॉक्टरांनी "आता असे विचार नाहीत" अशी नोंद केली होती आणि पेशंटने तसं सांगितलंही होतं. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाईस या संस्थेने सप्टेंबर 2022 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, पुढे इजा होईल की नाही याचं भाकीत करायला गुणांचे तक्ते वापरू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. कमी गुण मिळाले की वॉच काढला जातो, हा त्यातला खरा धोका. गुण मोजण्यापेक्षा त्याच्याशी बोला: घरी कर्जाचा विषय निघाला का, कोण भेटायला आलं, कोण आलं नाही. सोमवारी दुपारी भाऊ येऊन ऊसबिलावरून बोलून गेला होता, हे आम्हाला तपासात कळलं. वॉर्डला ते त्याच दिवशी माहीत असायला हवं होतं.

उपाय कसे निवडायचे?

वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या मार्गदर्शिकेत उपाय मजबूत, मधले आणि कमकुवत असे लावले आहेत. माणसाच्या लक्षात राहण्यावर जो उपाय जितका कमी अवलंबून, तितका तो मजबूत. आमच्या पहिल्या बैठकीत सुचलेले सगळे उपाय शेवटच्या रांगेतले होते: परिपत्रक काढा, सिस्टरांचं ट्रेनिंग घ्या, भिंतीवर सूचना लावा.

बरीच ओढाताण झाल्यावर ठरलं ते असं. वॉर्डातल्या सगळ्या बाथरूमच्या कड्या बाहेरून नाण्याने फिरवता येतील अशा बसवल्या, खर्च फारसा आला नाही. वॉचचा आदेश असलेल्या खाटेची चिठ्ठी नातेवाईकाला द्यायचीच नाही. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर त्या खाटेला खूण केली की मेडिकलच्या बिलावर "वॉर्डात पोहोच" असं छापून येतं आणि मामा औषध वर आणतात. कडक वॉच हा शब्द बंद केला. त्याऐवजी तीन रकाने: कोण, किती जवळ, पुढचा आढावा केव्हा. रकाना रिकामा असेल तर वॉर्ड पेशंट घेत नाही. तक्त्यात आता वेळ हाताने लिहायची असते.

हॉस्पिटलचा स्वतःचा माणूस चोवीस तास खाटेजवळ बसवावा, ही मानसोपचारतज्ज्ञांची मागणी होती. व्यवस्थापनाने ती आयसीयूतून बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांपुरती मान्य केली. पुरेसं आहे का? माझ्या मते नाही. पण अहवालात आम्ही "मान्य", "अंशतः मान्य" आणि "नाकारलं" असे तिन्ही शेरे कारणांसकट लिहिले, म्हणजे पुढच्या वेळी ही मागणी नव्याने सुचल्यासारखी मांडावी लागणार नाही.

पेशंटला खाटेला बांधून ठेवा, असं एका नातेवाईकाने आणि खरं सांगायचं तर एका डॉक्टरांनीही सुचवलं. 2017 च्याच कायद्यात कलम 97 प्रमाणे बांधणं हे फक्त तातडीची आणि समोर दिसणारी इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनेच. स्टाफ कमी आहे म्हणून नाही.

त्या सिस्टरचं पुढे काय झालं?

दोन दिवस रजा घेतली, मग आल्या. त्यांना तपासाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मेमो निघणार नाही, आणि निघाला नाही. कड्या कोणत्या बसवायच्या हे त्यांनीच दाखवलं.

अहवाल सादर केला की काम संपलं का?

दोन महिन्यांनी मोजायचं. "ट्रेनिंग झालं" याची नाही, वागणूक बदलली का याची मोजणी. आम्ही वॉचचे आदेश असलेल्या सगळ्या खाटांची मेडिकलची बिलं काढली आणि औषध कोणी नेलं हे पाहिलं. सोमवार ते शनिवार एकही बिल नातेवाईकाच्या हाती गेलेलं नव्हतं. रविवारी तीन वेळा गेलं. रविवारी संध्याकाळी त्या मजल्यावर एकच मामा असतो, आणि तो जेवणाच्या ट्रॉलीबरोबर असतो. पुढच्या रविवारपासून आठची इंजेक्शनं दुपारी चारलाच वर आणून ठेवायची, असं आत्ता ठरलं आहे. ते जमतंय का, हे पुढच्या महिन्याची बिलं काढल्यावर दिसेल, तोवर फाईल बंद केलेली नाही.